सिरी परत का आली नाही? : गेमचा शेवट ठरवणारे लपलेले हिशेब आणि ते आपल्या हातात घेण्याची रीत

मे महिन्यात भुसावळला दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोय नसते. अशाच एका दुपारी अमळनेरहून माझ्या आतेभावाचा फोन आला. दिवाळीपासून तो ‘द विचर ३’ खेळत होता आणि त्याचे नव्वद तास झाले होते. आदल्या रात्री गेम संपला आणि त्यात नायकाने मुलीसारखी सांभाळलेली सिरी मेली. “भाऊ, माले तर काहीच समजनं नही,” तो म्हणाला. “मी तिची एवढी काळजी घेतली. प्रत्येक वेळी तिच्यासोबत गेलो. चुकलं कुठे?”

त्याने काय काय निवडलं ते मी एकेक करून विचारलं आणि चूक सापडली. त्याच फोनवरून हा लेख लिहायचं ठरलं. पुढे गेमचे शेवट उघडपणे सांगितले आहेत. ज्यांना स्वतः खेळून बघायचं आहे त्यांनी आधी खेळून घ्यावं.

एकाहून जास्त शेवट असलेल्या गेममध्ये शेवट कोणता दाखवायचा हे बहुतेक वेळा तीन गोष्टींवर ठरतं. पहिली गोष्ट म्हणजे वागणुकीचा हिशेब: तुम्ही किती जणांना मारलं, किती जणांना सोडलं. दुसरी म्हणजे नात्याचा हिशेब: एका विशिष्ट पात्राशी तुम्ही कसे वागलात. हा आकडा सहसा पडद्यावर दिसत नाही. तिसरी म्हणजे राहून गेलेली कामं, म्हणजे वेळेत न केलेली क्वेस्ट. ती राहिली की तिच्यामागचा दरवाजा कायमचा बंद होतो. २०१५ साली आलेला विचर ३ समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात दुसरी आणि तिसरी गोष्ट एकमेकींत गुंतलेली आहे आणि पहिली जवळजवळ नाहीच. तुम्ही खेळता त्या नायकाने, म्हणजे गेराल्टने, रस्त्यावरचे दरोडेखोर मारले की सोडून दिले, याचा सिरीच्या जगण्यामरण्याशी संबंध नाही. आतेभावाचा पहिला गैरसमज हाच होता. आपण गावोगावच्या गरिबांकडून पैसे घेतले नाहीत, म्हणजे शेवट चांगलाच येणार, असं त्याने धरलं होतं.

म्हणून कुठलाही गेम घेतला तरी पहिली पायरी एकच: शेवट नेमका कशाचा आहे ते ओळखायचं. विचर ३ चा मुख्य शेवट गेराल्टचा नाही, सिरीचा आहे. गेराल्ट तिला मुलीसारखं मानतो, म्हणजे हिशेब या दोघांच्या नात्याचा असणार. शिवाय उत्तरेकडच्या युद्धाचा निकाल वेगळा लागतो, म्हणजे त्याचा हिशेब वेगळ्या जागी असणार. हे दोन हिशेब कागदावर दोन रकान्यांत लिहून ठेवा. पुढचा सगळा गोंधळ हे दोन एकत्र मोजल्याने होतो.

आता नात्याचा रकाना. सिरीसोबतचे ढीगभर संवाद गेममध्ये आहेत, पण तिचं जगणं ठरवणारे प्रसंग फक्त पाच आहेत आणि ते सगळे केर मॉर्हेन या गडावरच्या लढाईनंतर येतात. आधीच्या साठ-सत्तर तासांत तुम्ही काय बोललात त्याने हा आकडा हलत नाही. या पाचांपैकी किमान तीन ठिकाणी योग्य उत्तर दिलेलं असलं की सिरी जगते.

पहिला प्रसंग लढाई संपल्यावर लगेच येतो. जर्नलमध्ये या क्वेस्टचं नाव Blood on the Battlefield असं दिसतं. गेराल्टचा म्हातारा गुरू वेसेमिर लढाईत गेलेला आहे आणि सिरी स्वतःला दोष देत बसली आहे. गेराल्टसमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे ‘सगळंच जमलं पाहिजे असं नाही, जाऊ दे’ अशा अर्थाची. ती निवडली की दोघं बसून दारू पितात. दुसरी म्हणजे ‘तुझं मन हलकं कसं करायचं ते मला माहीत आहे’ अशी. ती निवडली की दोघं बर्फाच्या गोळ्यांनी एकमेकांना मारत खेळतात. आतेभावाने पहिली निवडली. दुःखात असलेल्या माणसाजवळ शांत बसावं, घरात माणूस गेलं असताना खेळ कसला करायचा, असं त्याला वाटलं. सुतकाचं वातावरण पाहिलेल्या कुणालाही तसंच वाटेल. पण गेमच्या हिशेबात दारूची वाट उणे आहे आणि बर्फाची अधिक.

दुसरा प्रसंग त्याच क्वेस्टमध्ये आहे. सिरीला घेऊन आधी तिचा जन्मदाता बाप सम्राट एम्हिर याच्याकडे जायचं की थेट वेलेनला निघायचं, हे गेराल्ट ठरवतो. एम्हिरकडे गेलात तर तो सिरीला शोधून आणल्याचं बक्षीस देऊ करतो. ते घेतलं तर उणे, नाकारलं तर अधिक. गेराल्टने तिला पैशासाठी शोधलं होतं का, हे सिरी इथे बघत असते. आतेभावाने पैसे घेतले. “कामाचे पैसे होते ना,” तो म्हणाला, “आधीपासून ठरलेले.” हिशेबाने बरोबरच होतं ते. पण सिरी शेजारी उभी राहून पाहत होती.

तिसरा प्रसंग Final Preparations मध्ये येतो. चेटकिणींच्या मंडळाला सिरीशी बोलायचं आहे. ‘मी तुझ्यासोबत येतो’ म्हणायचं की ‘तू एकटी सांभाळशील’ म्हणायचं? आपल्याकडचा कुठलाही मोठा भाऊ, काका किंवा मामा पहिलंच म्हणेल. बहिणीला कॉलेजच्या प्रवेशासाठी जळगावला जायचं असलं तरी ‘थांब, मी येतो’ हे शब्द आपल्या तोंडातून आपोआप निघतात. आतेभावाच्याही निघाले. गेममध्ये ते उणे आहे.

चौथा आणि पाचवा प्रसंग The Child of the Elder Blood या क्वेस्टमध्ये आहेत. अव्हालाक नावाच्या एल्फच्या प्रयोगशाळेत सिरीला कळतं की तो तिच्याकडे माणूस म्हणून नाही, रक्ताचं एक भांडं म्हणून बघतो. ती चिडते. तिला ‘शांत हो’ म्हणायचं की मोडतोड करू द्यायची? मोडतोड करू देणं अधिक आहे आणि शांत करणं उणे. त्यानंतर ती स्कियाल नावाच्या पोराच्या थडग्याकडे जायचं म्हणते. त्याने तिला मदत केली होती आणि गावाने त्याला भेकड ठरवलं होतं. तिच्यासोबत गेलात तर अधिक, ‘वेळ नाही’ म्हणालात तर उणे.

आतेभावाचा हिशेब आता मांडून बघा. दारू उणे, पैसे उणे, ‘मी येतो’ उणे, ‘शांत हो’ उणे, थडग्याकडे गेला ते अधिक. पाचांत एकच. म्हणून जग गोठवणारं पांढरं हिम थांबवायला सिरी गेली ती परत आली नाही.

यातली खरी मेख अशी की थडगं सोडलं तर बाकीच्या प्रसंगांत समजूतदार दिसणारी वाट उणे निघते. गेम दयाळूपणा मोजत नाही. तो एकच प्रश्न पाच वेळा विचारतो: ही मुलगी आता मोठी झाली आहे, हे तुम्हाला मान्य आहे का? तिचा राग तिचा, तिची बोलणी तिची, तिचं दुःखही तिच्या पद्धतीने. तुम्ही जिथे तिला सांभाळायला गेलात तिथे हिशेब घटला, जिथे तिच्यावर विश्वास टाकला तिथे वाढला. थडग्याचा प्रसंगही याला अपवाद नाही. तिथे बोलावणं तिचं आहे, तुम्ही फक्त मान देऊन सोबत जाता.

म्हणून नात्याच्या हिशेबाची दुसरी पायरी म्हणजे ‘चांगलं उत्तर कोणतं’ हे शोधायचं नाही, तर ‘हा हिशेब कोणता प्रश्न विचारतो आहे’ हे शोधायचं. दोन-तीन संवाद झाले की पात्राच्या तोंडावर, आवाजात आणि पुढच्या वाक्यात ते कळायला लागतं. बर्फाच्या खेळानंतर सिरी उठते ती हलकी होऊन उठते. दारूनंतर ती बसलेलीच राहते. हा फरक गेमने मुद्दाम दाखवलेला आहे.

आपला हिशेब कुठे पोचला आहे हे गेम आकड्यात सांगत नाही, पण अगदी शेवटी एक खूण मिळते. सिरी हिमाकडे चालत जाते तेव्हा तिच्या आठवणी पडद्यावर येतात. त्यात तुम्ही घेतलेल्या याच निर्णयांची दृश्यं असतात. तोपर्यंत दुरुस्त करायला उशीर झालेला असतो, पण कुठे चुकलं ते त्या आठवणींवरून कळतं. आतेभावाने त्या नीट पाहिल्याच नव्हत्या. रात्रीचे दोन वाजले होते आणि त्याला फक्त शेवट बघायचा होता.

आता युद्धाचा रकाना, म्हणजे राहून गेलेल्या क्वेस्टचा. सिरी जगण्याचेही दोन प्रकार आहेत. एकात ती गेराल्टसारखी विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारी, होऊन रस्त्याला लागते, दुसऱ्यात एम्हिरच्या निल्फगार्ड साम्राज्याची सम्राज्ञी होते. सम्राज्ञीसाठी अटी अशा: पाचांत किमान तीन अधिक, एम्हिरची भेट झालेली, आणि युद्ध निल्फगार्डने जिंकलेलं. यातली एकही हुकली आणि तीन अधिक असतील, तर ती विचर होते. म्हणजे विचर हवी असेल तर सोपी वाट आहे: एम्हिरकडे जाऊच नका, थेट वेलेनला जा. पैसे नाकारण्याचा प्रसंग तेव्हा येतच नाही, म्हणून उरलेल्या चारांपैकी किमान तीन सांभाळावे लागतात. मी नेहमी चारही सांभाळायला सांगतो.

सम्राज्ञीची वाट मात्र फार आधी सुरू होते. युद्ध निल्फगार्डने जिंकायचं तर Reason of State ही क्वेस्ट करावी लागते. तिच्यात उत्तरेकडून निल्फगार्डशी लढणाऱ्या राडोव्हिड राजाला मारण्याचा कट आहे. ती केलीच नाही तर राडोव्हिड जिंकतो. ती तुमच्यासमोर यायची असेल तर तिच्याआधीच्या तीन क्वेस्ट पूर्ण असाव्या लागतात: An Eye for an Eye, A Deadly Plot आणि Redania's Most Wanted. पहिली रोश या बंडखोर सेनानीची, दुसरी डायक्स्ट्रा या माजी हेरप्रमुखाची, तिसरीत एका चेटकिणीचा माग काढायचा असतो. तिन्ही The Isle of Mists सुरू होण्याआधी संपायला हव्यात. त्या बेटावर जहाज निघालं की राहिलेली तिन्ही कामं अयशस्वी म्हणून नोंदली जातात.

बेटाकडे निघताना गेम इशारा देतो की काही क्वेस्ट आता करता येणार नाहीत. पण कोणत्या, आणि त्यांनी पुढे काय बिघडेल, हे तो सांगत नाही. म्हणून तिथेच थांबा आणि जर्नल उघडा. या तीनपैकी एखादं नाव चालू क्वेस्टमध्ये असेल तर आधी ते संपवा. नाव कुठेच दिसत नसेल तर रोश आणि डायक्स्ट्रा यांना जाऊन भेटा, बहुतेक वेळा क्वेस्ट तिथूनच मिळते. आतेभावाच्या जर्नलमध्ये A Deadly Plot अयशस्वी क्वेस्टमध्ये पडलेली होती. सिरीला शोधायची घाई, म्हणून त्याने डायक्स्ट्राला वाऱ्यावर सोडलं होतं. त्यामुळे सिरी जगली असती तरी सम्राज्ञी होण्याची वाट त्याने बेटाकडे निघतानाच बंद केली होती.

या वाटेवर आणखी दोन जागी माणसं अडतात. Blindingly Obvious या क्वेस्टमध्ये डायक्स्ट्रा दार अडवून उभा राहतो आणि त्याला जोरात ढकलण्याचा पर्याय येतो. रागात तो निवडला की त्याचा पाय मोडतो आणि Reason of State हातातून जाते. ढकलू नका. दुसरी जागा म्हणजे Reason of State चा शेवट. राडोव्हिड मेल्यावर डायक्स्ट्रा रोशवर उलटतो. तुम्ही बाजूला झालात तर रोश आणि त्याचे साथीदार मरतात, डायक्स्ट्रा उत्तरेचा मालक होतो आणि निल्फगार्ड हरतं. सम्राज्ञी हवी असेल तर रोशच्या बाजूने लढायचं. इथेही दयेचा हिशेब नाही. तुम्ही कुणाच्या शेजारी उभे राहिलात, एवढंच नोंदलं जातं.

तिसरी पायरी सेव्हची. सगळं परत खेळायचं नसेल तर हीच पायरी वाचवते. गेमचं ऑटोसेव्ह जुन्यावर नवं लिहीत जातं, त्याच्यावर विसंबू नका. हाताने सेव्ह करण्याच्या जागा माझ्या मते चार: बेटाकडे निघण्याआधी, लढाई संपल्याबरोबर, चेटकिणींच्या भेटीआधी आणि प्रयोगशाळेत शिरण्याआधी. शेवटचे दोन प्रसंग एकाच क्वेस्टमध्ये जवळजवळ आहेत, त्यांना एक सेव्ह पुरतं. विचर ३ मध्ये सेव्हला आपलं नाव देता येत नाही. महिनाभराने यादीतलं कुठलं सेव्ह कशाचं हे ओळखू येत नाही. पीसीवर खेळत असाल तर फाइल्स इथे सापडतात:

```
Documents\The Witcher 3\gamesaves
```

प्रत्येक जागी सेव्ह केलं की गेम बंद करून या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा आणि तिला मराठीतच नाव द्या: ‘१-बेटाआधी’, ‘२-लढाईनंतर’. प्रत्येक सेव्हची एक फाइल `.sav` असते आणि तिच्यासोबत त्याच नावाचं छोटं चित्र `.png`. दोन्ही सोबत ठेवा. जुनी प्रत परत आणताना लॉन्चरमधलं क्लाउड सेव्ह आधी बंद करा, नाहीतर ते नवीन सेव्ह पुन्हा वर आणून ठेवू शकतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधीही जाते, म्हणून सेव्ह होत असताना मशीन बंद पडून फाइल बिघडण्याची भीती मला नेहमी वाटते. ही प्रत त्यासाठीही उपयोगी पडते.

नात्याचा हिशेब नसलेल्या गेममध्ये ही रीत थोडी बदलते. ‘डिसऑनर्ड’ (२०१२) घ्या. तिथे वागणुकीचा हिशेब आहे आणि गेम त्याला केऑस म्हणतो. जास्त माणसं मारली की तो वाढतो, शहरात उंदीर आणि रोगी वाढतात आणि शेवटची मोहीम वादळात होते. इथली गंमत अशी की आकडा लपवलेला नाही. प्रत्येक मोहिमेनंतर तो कमी आहे की जास्त, हे पडद्यावर येतं. म्हणून प्रत्येक मोहिमेच्या शेवटी तो पडदा वाचा आणि नको तो शब्द दिसला तर तीच मोहीम परत खेळा. पाच मोहिमांनी मागे जाण्यापेक्षा ते बरं. अडचण येते ती नकळत झालेल्या मृत्यूंची. गळा आवळून बेशुद्ध केलेला पहारेकरी पाण्यात किंवा उंदरांच्या जवळ पडला तर तो मरतो आणि ते मरण तुमच्या नावावर लागतं. ‘मी तर कुणालाच मारलं नाही’ असं म्हणणाऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा इथेच फुटतो. बेशुद्ध माणूस उचलून उंचावर, कोरड्या जागी ठेवायचा.

राहून गेलेल्या क्वेस्टचा नियमही सगळीकडे एकसारखा नाही. विचर ३ मध्ये ‘पुढे जाण्याआधी सगळं संपव’ ही सवय कामाला येते. ‘मास इफेक्ट २’ (२०१०) मध्ये एका टप्प्यानंतर तीच सवय घात करते. जहाजावरचे कर्मचारी पळवून नेले जातात तेव्हा लगेच सोडवायला गेलात तर ते वाचतात. एक ते तीन मोहिमा करून गेलात तर निम्मे जातात. त्याहून उशीर केलात तर डॉक्टर चॅकवास सोडून कुणीच उरत नाही. म्हणून साथीदारांच्या निष्ठेच्या मोहिमा त्या टप्प्याआधीच उरकून ठेवायच्या. नव्या गेममध्ये कुठला नियम आहे हे ओळखायची साधी खूण म्हणजे कथेतली निकड. कुणाचं अपहरण झालं आहे, कुणी मरणाच्या दारात आहे, तर तिथे बाकीची कामं करत फिरून बघा. गेम तुम्हाला फिरू देतो की काही बदलतं, ते दोन तासांत कळतं. म्हणून त्या वळणावरही वेगळं सेव्ह हवं.

आतेभावाकडे बेटाआधीचं सेव्ह नव्हतं. लढाईनंतरचं मात्र होतं. वीज जाईल म्हणून त्याने तेव्हा हाताने सेव्ह केलेलं होतं. सम्राज्ञीची वाट बंदच होती, त्यामुळे आम्ही विचरची वाट धरली. बर्फात खेळायचं, एम्हिरला टाळून थेट वेलेनला जायचं, चेटकिणींकडे तिला एकटीला पाठवायचं, प्रयोगशाळेत तिला हवं ते फोडू द्यायचं आणि थडग्यापाशी सोबत जायचं. हे सगळं मी फोनवर सांगितलं आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

चार दिवसांनी रात्री त्याचा पुन्हा फोन आला. सिरी एका खाणावळीत त्याच्यासमोर उभी होती आणि गेराल्टने तिच्यासाठी आणलेली तलवार हातात घेऊन बघत होती. मागून आत्याचा आवाज येत होता, जेवायला वाढलंय म्हणून. तो म्हणाला, “थांब माय, आताच आली ती.”